फ्रेम वाढवणारा चोर आणि त्याचा साथीदार

स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा १०४. एकदम मस्त! आणि तरीही रूममेटचा गेम दर पंधरा-वीस मिनिटांनी काहीही न सांगता बंद पडून थेट डेस्कटॉपवर यायचा. चालू असतानाही सगळं आलबेल नव्हतंच. बाईकच्या मागे भुतासारखी पुसट शेपटी दिसायची आणि कोपऱ्यातल्या नकाशावरचे आकडे थरथरायचे.

लॅपटॉप सेकंडहँड, घेऊन जेमतेम तीन महिने झालेले. ग्रुपवर विचारल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. विंडोज फॉरमॅट मार, ड्रायव्हर जुना टाक, नवा टाक, थर्मल पेस्ट बदल. पठ्ठ्याने एका रात्रीत यातलं निम्मं करून टाकलं. क्रॅश तसाच. शेवटी रिपेअरवाल्याकडे गेला, तर त्याने पाच मिनिटं गेम चालवून निकाल दिला, ‘ग्राफिक्स चिप गेलीये, बोर्ड बदलायला लागेल, १८ हजार.’ हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराला १८ हजार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

बोर्ड ठणठणीत होता. दोष सेटिंग्जमध्ये होता आणि तो शोधायला आम्हाला तीन संध्याकाळी आणि वहीचं एक पान लागलं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गेम बिघडला की आपण जे पाच बदल एका दमात करतो, तीच आपली सगळ्यात महागडी सवय आहे. पाच गोष्टी बदलून गेम सुधारला, तरी नेमकं कशामुळे ते कळत नाही. नाही सुधारला, तर काहीच कळत नाही.

आधी हे दोन पर्याय करतात काय, ते बघू. अपस्केलिंग म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर काढायचा आणि मग तो फुगवून स्क्रीनभर दाखवायचा. तुमची स्क्रीन १९२०×१०८० असेल, तर ‘क्वालिटी’वर गेम साधारण १२८०×७२० वर तयार होतो आणि ‘परफॉर्मन्स’वर फक्त ९६०×५४० वर. म्हणजे चारातला एकच ठिपका खरा मोजलेला. बाकीचे भरायला डीएलएसएस किंवा एफएसआर २ सारखं तंत्र आधीच्या फ्रेम्समधली माहिती वापरतं. कुठली वस्तू किती सरकली, हे गेमने त्याला सांगायचं असतं. पाऊस, धूर, ठिणग्या, काच यांच्या बाबतीत ही माहिती बऱ्याचदा अपुरी असते. मग जुन्या फ्रेममधला रंग तिथेच चिकटून राहतो आणि शेपटी दिसते. यालाच घोस्टिंग म्हणतात.

फ्रेम जनरेशनचं काम वेगळं. ते दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधली एक फ्रेम अंदाजाने बनवतं. २०२२ मध्ये डीएलएसएस ३ आणि २०२३ मध्ये एफएसआर ३ सोबत हे आपल्यापर्यंत पोचलं. पण मधली फ्रेम बनवायची, तर पुढची खरी फ्रेम आधी हातात हवी. म्हणजे ती थोडा वेळ रोखून धरावी लागते. म्हणूनच आकडा १०४ दिसला, तरी माउस १०४ सारखा चालत नाही. रूममेटच्या लॅपटॉपवर फ्रेम जनरेशन बंद केल्यावर ६२ एफपीएस यायचे. चालू केल्यावर १०४, पण त्यातले खरे ५२. मधल्या फ्रेम्स बनवण्याच्या कामात १० खरे फ्रेम खर्ची पडले. आकड्याकडे बघून खूश होणाऱ्यांनी हा हिशोब एकदा जरूर करावा. खरे फ्रेम मुळात ६०च्या आसपास नसतील, तर अंदाजही चुकायला लागतात. मग हातांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, स्क्रीनवरचे आकडे थरथरतात.

आता शोधायचं कसं? पहिली पायरी सेटिंग्जची नाहीच, चाचणीची आहे. एकच सेव्ह फाइल, एकच रस्ता, दोन मिनिटं. आम्ही पावसातला पुलावरचा रस्ता निवडला, कारण शेपटी तिथे हमखास दिसायची. ती डोळ्यांनी पकडता येत नसेल, तर फोनच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीन शूट करा. एकाआड एक फ्रेम बिघडलेली दिसली, तर फ्रेम जनरेशनवर संशय घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये शेपटी असेल, तर अपस्केलिंगवर.

क्रॅशची चाचणी मात्र लांब हवी. आमचे आधीचे तीन क्रॅश १२, १८ आणि २५ मिनिटांनी झाले होते. मग दहा मिनिटं गेम चालला म्हणून ‘झालं नीट’ म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. आम्ही सगळ्यात लांबच्या वेळेची तिप्पट धरली, ७५ मिनिटं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण १८ हजारांपेक्षा स्वस्त.

दुसरी पायरी, सगळं बंद. आणि ‘सगळं’ म्हणजे खरंच सगळं. गेममधलं अपस्केलिंग, फ्रेम जनरेशन, डायनॅमिक रिझोल्यूशन, मोशन ब्लर. शिवाय ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊनही बघा, कारण तिथेही फ्रेम जनरेशन वेगळं चालू करता येतं. गेममध्ये ‘बंद’ असलेली गोष्ट तिथून चालू राहिली, तर तुमची अख्खी संध्याकाळ वाया. एफपीएस दाखवणारं, रेकॉर्डिंग करणारं, चॅटचं, असं गेमवर तरंगणारं प्रत्येक ओव्हरलेसुद्धा बंद. नुसतं लपवायचं नाही, प्रोग्रामच बंद करायचा. प्रत्येक बदलानंतर गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा, कारण काही पर्याय रीस्टार्ट केल्याशिवाय नीट लागू होत नाहीत. आणि मधेच ड्रायव्हर अपडेट करायचा नाही!

सगळं बंद करून ७५ मिनिटं. क्रॅश नाही, आकड्यांची थरथर नाही, शेपटी जवळपास नाही. थोडीशी उरली, ती गेमच्या नेहमीच्या अँटी-एलियासिंगची. तेही जुन्या फ्रेम्स वापरतं. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट कळली. अपस्केलिंग बंद असताना चिपला पूर्ण रिझोल्यूशनवर काम करावं लागतं, म्हणजे तिच्यावरचा भार वाढतो. चिप खराब असती किंवा तापून बंद पडत असती, तर आता क्रॅश होण्याची शक्यता जास्त होती. रिपेअरवाल्याच्या निकालावर पहिली मोठी शंका इथे आली. याउलट सगळं बंद करूनही गेम पडत राहिला असता, तर या पर्यायांचा नाद सोडून तापमान, मेमरी, ओव्हरक्लॉक यांच्याकडे वळावं लागलं असतं.

तिसरी पायरी, एक-एक चालू करणं. फक्त अपस्केलिंग, तेही आधीसारखंच ‘परफॉर्मन्स’वर. शेपटी परत आली, क्रॅश नाही. मग ते बंद करून फक्त फ्रेम जनरेशन. आकडे थरथरले, क्रॅश नाही. म्हणजे चित्रातल्या दोन्ही बिघाडांचे आरोपी दोन वेगळे होते, आणि आपण ते एकच समजत होतो. मग दोन्ही एकत्र. ७५ मिनिटं. क्रॅश नाही!

इथे आम्ही दोघंही चक्रावलो. सुरुवातीला तर याच दोन गोष्टी चालू होत्या. रूममेट म्हणाला, ‘बघ, आपोआप नीट झाला.’ आपोआप काही नीट होत नसतं. वहीचं पान काढलं. सुरुवातीला चालू आणि आता बंद असं काय उरलंय? एकच, कोपऱ्यात १०४ दाखवणारं एफपीएसचं ओव्हरले.

ओव्हरले आणि अपस्केलिंग, क्रॅश नाही. ओव्हरले आणि फ्रेम जनरेशन, १४ मिनिटांत गेम डेस्कटॉपवर. पुन्हा केलं, २१ मिनिटं. पुन्हा, ९ मिनिटं. मग उलट तपासणी म्हणून ओव्हरले बंद, फ्रेम जनरेशन चालू, पुन्हा ७५ मिनिटं शांत. दोघं एकेकटे निर्दोष, एकत्र आले की गुन्हा. तयार झालेली फ्रेम स्क्रीनवर पाठवण्याची जी शेवटची जागा असते, ती फ्रेम जनरेशन स्वतःच्या ताब्यात घेतं, कारण त्याला मधे आपल्या फ्रेम्स घुसवायच्या असतात. ओव्हरलेही आपला आकडा काढायला तिथेच हात घालतं. आमच्याकडे त्या दोन हातांची मारामारी होत असावी. गेम किती जोरात पळतोय हे दाखवणारी वस्तूच त्याला पाडत होती!

क्रॅशनंतर विंडोजची नोंदही बघून ठेवा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून हे टाइप करा:

```
eventvwr.msc
```

मग Windows Logs मधल्या System मध्ये क्रॅशची वेळ शोधा. तिथे 4101 क्रमांकाची नोंद असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, हे कळतं. पण का थांबवलं, हे ती नोंद सांगत नाही. त्यासाठी वहीचं पानच लागतं.

उपाय फुकटात झाला. ओव्हरले काढलं आणि गेमचाच एफपीएस काउंटर लावला. अपस्केलिंग ‘परफॉर्मन्स’वरून ‘क्वालिटी’वर नेलं, शेपटी बरीच कमी झाली. फ्रेम जनरेशन त्याने शेवटी बंदच ठेवलं. ‘क्वालिटी’वर खरे ५५ मिळतात, आणि माउस हाताबरोबर चालतो.

तुम्ही म्हणाल, गेम कंपन्यांनीच हे नीट करायला हवं. बरोबर आहे. २०२५ मध्ये आलेल्या मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या शिफारशीतले ६० एफपीएससुद्धा फ्रेम जनरेशन चालू धरून दिलेले होते. म्हणजे ही तंत्रं आता वरचं लोणी राहिलेली नाहीत, ताटातली भाकरी झाली आहेत. तक्रार करायलाच हवी. फक्त ‘गेम बकवास आहे, सारखा पडतो’ असं लिहिलं, तर समोरचा डेव्हलपर काहीच करू शकत नाही. ‘फ्रेम जनरेशन आणि अमुक ओव्हरले एकत्र असताना तीनपैकी तीन वेळा क्रॅश, एकेकटं असताना शून्य’ असं लिहिलं, तर तो ते स्वतःच्या मशीनवर करून बघू शकतो. आम्ही गेमवाल्यांना तेच लिहून पाठवलं, वहीच्या पानाचा फोटो जोडून.

रिपेअरवाल्याचा परवा फोन आला होता, ‘बोर्ड मागवू का?’ म्हणून. रूममेट गेममध्ये होता. त्याने उचलला नाही.