थप्पी मोजली, पण चावी कुणाकडे?

क्रिप्टोचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आमच्या एक्स्चेंजचं प्रूफ ऑफ रिझर्व्ह आहे, टेन्शन नाही." दिवाळीला गोंदियात घरी आलेली आमची आयटीतली पोरंही हेच म्हणतात, आणि वर मलाच ऐकवतात, "तू काहून एवढा घाबरतं बे?" घाबरत वगैरे नाही. पहिल्या अर्धवाक्यावरून दुसरं अर्धवाक्य निघतच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडच्या धानाच्या मिलचं उदाहरण घेऊ. सरकार धान खरेदी करून भरडाईला मिलवाल्याला देतं आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत मागतं. म्हणजे मिलच्या गोदामात थप्पी लागलेला माल मिलवाल्याचा नसतो, तो फक्त सांभाळतो. समजा तपासणीला साहेब आले, त्यांनी कट्टे मोजले, आकडा बरोबर भरला. यातून काय कळलं? त्या दिवशी, त्या वेळेला, त्या छपराखाली तेवढे कट्टे होते. ते रात्रीतून शेजारच्या मिलमधून उसने आणले होते का, त्यावर बँकेचं कर्ज उचललंय का, कुलपाची दुसरी चावी कुणाच्या खिशात आहे, यातलं काहीही कट्टे मोजून कळत नाही. प्रूफ ऑफ रिझर्व्हचा पहिला अर्धा भाग म्हणजे ही कट्टेमोजणी. एक्स्चेंज आपल्या वॉलेटचे पत्ते जाहीर करतं, ते आपलेच आहेत हे सही करून दाखवतं, आणि ब्लॉकचेनवरची शिल्लक कुणीही बघू शकतं. इथवर काम चोख आहे, बँकेपेक्षाही चोख म्हणा हवं तर.

भानगड दुसऱ्या अर्ध्यात आहे. माल किती ते कळलं, पण देणं किती? त्यासाठी मर्कल ट्री वापरतात. प्रत्येक ग्राहकाच्या शिलकीचा हॅश काढायचा, दोन-दोन जोडत वर जायचं, शेवटी एकच हॅश आणि एकच बेरीज उरते. ती बेरीज जाहीर करायची. आपली नोंद त्यात आहे की नाही हे ग्राहक आपल्यापुरतं तपासू शकतो. वाचायला झकास वाटतं. आता समजा तीनच ग्राहक आहेत, ४०, ३० आणि ३० नाणी असलेले. देणं १००. तिजोरीत मात्र ७०च आहेत. मालकाने एक खोटं चौथं खातं उघडलं, त्यात शिल्लक टाकली उणे ३०. बेरीज ७०, हिशोब जुळला! तिघांनीही तपासलं तरी तिघांना आपापली नोंद बरोबरच दिसेल, कारण झाडाच्या दुसऱ्या फांदीवर काय लटकलंय ते त्यांना दिसत नाही. एकही शिल्लक शून्याखाली नाही हे गणिताने सिद्ध करता येतं (झिरो-नॉलेज प्रूफ त्यासाठीच असतात), आणि काही एक्स्चेंज तसं करूही लागलेत. पण जो ग्राहक कधी तपासतच नाही त्याला झाडातून सरळ वगळलं, तर ते कुणाला कळणार? आणि बाहेरून घेतलेलं कर्ज तर या झाडात मुळातच येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं ते नेमकं इथे. ग्राहकांचा पैसा मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने, अलामेडाने, वापरला होता. सगळे एकदम पैसे काढायला आले तेव्हा सुमारे ८ अब्ज डॉलरचं भगदाड उघडं पडलं.

पण एफटीएक्स लबाडी होती, असं म्हणून पोरं सुटतात. म्हणून आपल्या मुंबईच्या वझीरएक्सकडे येऊ. इथे मोजणी खोटी होती असं माझं म्हणणंच नाही. तरीही ग्राहक अडकले.

जानेवारी २०२३ मध्ये वझीरएक्सचा जो अहवाल आला, त्यात जवळपास ९०% माल बायनान्सच्या वॉलेटमध्ये होता. लगोलग फेब्रुवारीत बायनान्सने सांगितलं, तुमचा माल उचलून न्या. वझीरएक्स नक्की कुणाची यावर दोघांचं आधीपासून भांडण चालू होतं. म्हणजे दाखवलेली थप्पी होती दुसऱ्याच्या गोदामात, आणि तो दुसरा नातंच नाकारत होता. जून २०२४ च्या अहवालात एकूण माल सुमारे ५० कोटी डॉलरचा दाखवला होता. पुढच्याच महिन्यात, १८ जुलै २०२४ ला, त्यातला सुमारे २३.५ कोटी डॉलरचा माल एका वॉलेटमधून गेला. जवळजवळ निम्मा!

कसा गेला ते नीट बघण्यासारखं आहे. वॉलेट मल्टिसिग होतं. सह्या करणारे सहा, त्यातले पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची सही हवी, मग लिमिनलची. वझीरएक्सची माणसं हार्डवेअर वॉलेटवर सही करायची, आणि माल कुठल्या पत्त्यांवर जाऊ शकतो त्याची यादीही ठरलेली होती. कागदावर याहून बंदोबस्त काय करणार? पण वझीरएक्सने सांगितल्याप्रमाणे स्क्रीनवर दिसला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर. त्या दुसऱ्याने पैसे हलवलेच नाहीत. त्याने वॉलेटचा कारभार बघणारं कॉन्ट्रॅक्टच बदललं. एकदा ते बदललं की सह्याही नकोत आणि पत्त्यांची यादीही नको. चूक कुणाच्या यंत्रात होती यावर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला.

माझा मुद्दा असा की १७ जुलैच्या रात्री मोजणी केली असती तरी ती पास झाली असती. एकाच वॉलेटमध्ये निम्मा माल, तिथे नेण्याआधी सही करणाऱ्याला व्यवहाराचा खरा मजकूर दिसतो की नाही, कॉन्ट्रॅक्ट बदलायला काही तासांची सक्तीची थांबण्याची अट आहे की नाही, यातला एकही प्रश्न त्या अहवालाच्या कक्षेत नाही. पत्ते जाहीर असतील तर पहिली गोष्ट तरी आपण स्वतः बघू शकतो. किती टक्के माल एका पत्त्यावर आहे ते मोजायला दहा मिनिटं लागतात. बाकी दोन गोष्टी कंपनीलाच विचाराव्या लागतात, आणि बहुतेकदा उत्तर येत नाही.

आणि चोरीनंतर? इथे तर अहवाल पूर्ण मुका. नुकसान सगळ्यांनी वाटून घ्या म्हणून आधी ५५-४५ ची टूम निघाली, बोंबाबोंब झाल्यावर मागे घेतली. मग प्रकरण गेलं सिंगापूरच्या हायकोर्टात, कारण मूळ कंपनी झेट्टाई तिथली. भारतातली मंडळी अचानक सिंगापूरच्या कायद्याखाली 'देणेकरी कंपनीचे धनको' झाली आणि योजनेवर मतं देऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये मतदानात योजना पास, जूनमध्ये कोर्टाने नाकारली, ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान, ऑक्टोबरमध्ये मंजुरी. २४ ऑक्टोबर २०२५ ला व्यवहार सुरू झाले, म्हणजे पंधरा महिन्यांनी. तोवर बाजार कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्याच दिवशी मद्रास हायकोर्टाचा एक आदेश आला. चेन्नईच्या एका ग्राहकाची ३५३२ एक्सआरपी वझीरएक्सवर गोठली होती. चोरीला गेली होती ती ईथर आणि ईआरसी-२० जातीची टोकन्स, एक्सआरपी त्यात नव्हतंच. म्हणजे चोरी झाली शेजारच्या थप्पीची, आणि नुकसानीत वाटा मात्र याच्या थप्पीतूनही. कोर्टाने म्हटलं की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते, आणि त्या ग्राहकाला अंतरिम संरक्षण दिलं. माझं नाणं माझं की कंपनीच्या ढिगातलं, हे पहिल्या दिवशी कराराच्या कागदावर ठरायला हवं होतं. ते विचारायला त्या ग्राहकाला कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि संरक्षण मिळालं तेही त्या एका खात्यापुरतंच.