‘महिना ४९ डॉलर’ हा सारांश नव्हे

ईडन प्रेरीतल्या आपल्या मंडळींत जिमबद्दलचा सल्ला एका ओळीत मिळतो: "महिना ४९ डॉलर, केव्हाही बंद करता येतं." माझा आक्षेप या ओळीवर आहे. ती कराराचा सारांश नाही, जाहिरातीचा आहे.

एक नमुन्याचा करार घेऊ. आकडे माझे, पण कलमं नेहमीचीच. सुरुवात १० जानेवारी २०२६. दर महिन्याच्या १० तारखेला ४९, असे बारा हप्ते. प्रवेश शुल्क ९९. शिवाय दर १ मार्चला ५९ डॉलर ‘वार्षिक शुल्क’. म्हणजे वर्षाचे ५८८ नव्हे, ७४६. महिन्याला साधारण ६२.

आता उन्हाळ्यात दोन महिने भारतात जायचं म्हणून सदस्यत्व ‘फ्रीझ’ केलं, त्याचे महिना १५. आपल्याला वाटतं, पैसे वाचले. पण गोठवलेले महिने बारात धरत नाहीत, त्यामुळे मुदत ९ जानेवारीऐवजी ९ मार्च २०२७ ला संपते. मध्ये दुसरा १ मार्च येतो आणि दुसरे ५९ जातात. बेरीज ८३५. हे छुपं शुल्क कुठल्याच कलमात ‘छुपं’ म्हणून सापडत नाही. दोन कलमं शेजारी ठेवली तरच दिसतं.

म्हणून नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. लिहायची ती नोटीस पोचण्याची शेवटची तारीख. तीस दिवस आधीची अट असेल तर वरच्या उदाहरणात ७ फेब्रुवारी.

‘केव्हाही बंद’चा अर्थ केव्हाही अर्ज करता येतो, एवढाच. तो ॲपवर, टपालानं की ठरावीक व्यवस्थापकाच्या हाती द्यायचा, हे करारात शोधा. कार्ड बंद केल्यानं करार संपत नाही; थकबाकी वसुलीवाल्यांकडे जाऊ शकते. नोंदणीकृत टपालाची पावती जपा, पुढचे दोन महिने बँकेचा हिशेब पाहा.

"इथे कायदा आहे ना!" असं कुणीतरी म्हणतंच. सदस्यत्व घेणं जितकं सोपं तितकंच सोडणं सोपं हवं, असा संघीय व्यापार आयोगाचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला खरा, पण ८ जुलै २०२५ ला आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं तो कार्यपद्धतीतल्या त्रुटीवरून रद्द केला. मिनेसोटा त्याच सर्किटमध्ये येतं. आपल्या राज्याच्या क्लबविषयक कायद्यानं मात्र एक भक्कम हक्क दिलाय: सदस्य झाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी नोटिशीनं माघार घेता येते. ते तीन दिवस बहुतेक जण नवे बूट घेण्यात घालवतात. करार वाचायला त्यातली एक संध्याकाळ पुरते.