बाटलीतली साखर चमच्यांत मोजा

शीतपेयाच्या बाटलीवर साखर किती आहे, हे कोणी लपवलेले नसते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेले असते. पण ते ग्रॅममध्ये असते आणि ग्रॅम हे माप आपल्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. 'बावीस ग्रॅम' वाचून कोणी दचकत नाही. मात्र एका पेल्यात साडेपाच चमचे साखर घालून कोणी समोर ठेवली, तर आपण त्याच्याकडे पाहत राहू. मी गणित शिकवतो, म्हणून माझे मत सांगतो. आपल्या शाळेत पेयांतली साखर चमच्यांतच बोलली जावी आणि सहावीच्या कॅडेटलाही तो हिशेब तोंडी यावा.

हिशेबाची किल्ली सोपी आहे. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे 4 ग्रॅम. म्हणून ग्रॅमला चाराने भागले की चमचे मिळतात. इथे 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरात आपण चमचा शिगोशीग भरतो आणि त्यात साखर बरीच जास्त बसते. खात्री करायची असेल तर प्रयोगशाळेतल्या तराजूवर दहा सपाट चमचे साखर तोला आणि वजनाला दहाने भागा. उत्तर चारच्या आसपास येईल.

आता मर्यादा किती? अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये 2 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी साखर सुचवली. म्हणजे साधारण सहा चमचे. ही साखर म्हणजे वरून घातलेली. दुधात आणि अख्ख्या फळात मुळात असलेली साखर यात धरत नाहीत.

एक नमुना घेऊ. 600 मिलिलिटरची बाटली आहे. लेबलवर लिहिले आहे : दर 100 मिलिलिटरला 'अ‍ॅडेड शुगर्स' 11 ग्रॅम, एक सर्व्हिंग 200 मिलिलिटर. शेवटच्या रकान्यात, एका सर्व्हिंगसाठी, 44 टक्के.

घाईत वाचणारा 11 हा आकडा पाहतो, चाराने भागतो आणि म्हणतो, 'तीन चमचेसुद्धा नाहीत!' पण हा आकडा फक्त 100 मिलिलिटरचा, म्हणजे अर्ध्या पेल्याचा आहे. एका सर्व्हिंगमध्ये त्याच्या दुप्पट, 22 ग्रॅम, म्हणजे साडेपाच चमचे साखर आहे. आणि आउटपासवर गेलेला मुलगा 200 मिलिलिटर पिऊन उरलेली बाटली झाकण लावून ठेवतो, असे कोणी पाहिले आहे का? पूर्ण बाटलीत 11 गुणिले 6, म्हणजे 66 ग्रॅम साखर आहे. चाराने भागा : साडेसोळा चमचे. म्हणून नियम असा की आधी आपण किती पिणार तो आकडा घ्यायचा, त्याला दर 100 मिलिलिटरच्या साखरेने गुणायचे, 100 ने भागायचे आणि शेवटी चाराने भागायचे.

आता ते 44 टक्के. पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मुलाचा नाही. आपल्या देशातील लेबलच्या नियमांनुसार ही टक्केवारी 2000 कॅलरींच्या आहारावर आणि 50 ग्रॅम साखरेवर काढतात. 22 ग्रॅम हे 50 चे 44 टक्के होतात. आई-वडील वाचतात आणि म्हणतात, 'निम्मेसुद्धा नाही, पिऊ दे.' पण मुलासाठी 25 ग्रॅमची मर्यादा धरली, तर तेच 22 ग्रॅम 88 टक्के होतात. थोडक्यात, साखरेच्या ओळीतली टक्केवारी मुलांसाठी दुप्पट करून वाचायची.

लेबलवर साखरेच्या दोन ओळी असतात, 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स'. कोणती घ्यायची? साध्या शीतपेयात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच असतात. सुगंधी दुधात मात्र फरक पडतो. 200 मिलिलिटर दुधात दुधाचीच साखर नऊ-दहा ग्रॅम असते, ती मोजायची नाही. तिथे 'अ‍ॅडेड' ओळ घ्यावी. फळांच्या रसाचे उलटे आहे. 'वरून साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या रसात 'अ‍ॅडेड' ओळीत शून्य दिसते. पण जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेलाही मर्यादेत मोजायची साखरच मानते, कारण रस काढला की फळाचा चोथा जातो आणि साखर मोकळी होते. म्हणून रसासाठी 'टोटल' ओळ घ्यावी.

यावर आपल्या शाळेत एक आक्षेप हमखास येईल. 'आमची मुले पहाटे पीटी करतात, संध्याकाळी मैदानावर असतात. त्यांना साखरेची काय भीती?' आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचाही हिशेब करू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात 13 ते 15 वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज 2860 कॅलरी दिली आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी साखर एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. 2860 चे 5 टक्के म्हणजे 143 कॅलरी. एक ग्रॅम साखर 4 कॅलरी देते, म्हणून सुमारे 36 ग्रॅम, म्हणजे नऊ चमचे. तेव्हा धावपळ करणाऱ्या नववीच्या मुलाला सहाऐवजी नऊ चमचे धरा, माझी हरकत नाही. 10 टक्क्यांची वरची हद्द धरली तरी अठरा चमचे होतात, आणि ती एक बाटली त्यातले साडेसोळा घेऊन जाते. सकाळच्या चहातली साखर, ब्रेडवरचा जॅम, दुपारची बिस्किटे आणि मेसमधली खीर अजून मोजलेलीच नाही. सहावीतल्या लहान कॅडेटसाठी तर मी सहाच चमचे धरीन.

म्हणून कॅन्टीन समितीपुढे माझी एक सूचना आहे. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले आहे. आपल्या फलकावर प्रत्येक पेयापुढे त्याच्या पूर्ण बाटलीतले किंवा पूर्ण डब्यातले चमचे लिहावेत. दर 100 मिलिलिटरचे ग्रॅम नकोत, सर्व्हिंगचे नकोत आणि टक्केही नकोत. हे आकडे सहावीच्या कॅडेटांनी काढावेत आणि वरच्या वर्गाने तपासावेत. विक्री बंद करा असे मी म्हणत नाही. लिंबू सरबतापुढेही चमचे लिहावेत, कारण मेसमध्ये त्यात साखर किती पडते हे विचारले तर लगेच कळते आणि ती कमीही करता येते.

पालकभेटीला येताना खाऊच्या पिशवीत बाटली ठेवणाऱ्या आई-वडिलांनीही दुकानातच ती उलटी करून हा भागाकार करावा. जे उत्तर येईल तितके चमचे साखर आपण घरी मुलाच्या पेल्यात घातली असती का, एवढेच स्वतःला विचारावे.