दोन डबे, दोन कागद

सोसायटीत, शाळेत किंवा रुग्णालयात सफाईची रसायने मोठ्या कॅनमधून येतात. त्यांची सेफ्टी डेटा शीट पुरवठादाराकडून आली, तर बिलाबरोबर फाइलला लागते. 16 विभागांचा हा इंग्रजी कागद बहुधा कुणी उघडत नाही. तो कसा वाचावा, हे संडास-बाथरूममधल्या नेहमीच्या अपघातावरून समजते. ब्लीच टाकूनही फरशीचे पिवळे डाग निघत नाहीत, म्हणून त्यावरच टॉयलेट क्लीनर ओतला जातो. क्षणात तिखट वास सुटतो, डोळ्यांची आग होते आणि खोकल्याची उबळ येते.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्याच्या शीटचा दुसरा विभाग धोक्याची विधाने देतो. द्रावण तीव्र असेल तर तिथे H314, म्हणजे त्वचा भाजते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते, असे विधान असते. युरोपीय शीटवर EUH031 हेही दिसते: आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो. इतर शीटवर हा संकेतांक असेलच असे नाही. म्हणून सातवा आणि दहावा विभाग पाहावा. सातवा साठवणुकीचा. त्यात थंड, सावलीची जागा आणि ‘आम्लांपासून दूर’ अशी सूचना असते. तसे का, ते दहावा सांगतो: आम्लाशी क्लोरीन तयार होतो.

खरी अडचण पुढे आहे. दहाव्या विभागात ‘आम्ल’ एवढेच छापलेले असते, शेजारच्या निळ्या बाटलीचे नाव नसते. त्यासाठी त्या बाटलीच्या शीटचा तिसरा विभाग, म्हणजे घटकांची यादी, उघडावी लागते. आपल्याकडच्या अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय हा धोका दिसतच नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारी बाई तिथेच वाकलेली असते.

चौथा विभाग प्रथमोपचाराचा. वायू छातीत गेल्यास माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यायचे. डोळ्यांत द्रावण उडाले तर पापण्या उघड्या धरून निदान 15 मिनिटे वाहते पाणी सोडायचे. एका मिनिटात जळजळ कमी वाटली तरी थांबायचे नाही, कारण ब्लीच अल्कधर्मी असून अल्कली डोळ्याच्या पडद्यात आत शिरत जाते. पोटात गेल्यास उलटी करवायची नाही. ती वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. ‘लक्षणे उशिरा दिसू शकतात’ या ओळीकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. जास्त क्लोरीन ओढलेल्याला आधी बरे वाटून काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. धाप लागत असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर त्याला घरी पाठवू नये.

रुग्णालयात नेताना दोन्ही शीट किंवा निदान दोन्ही लेबलांचे फोटो सोबत असावेत. ‘काहीतरी फिनेल होते’ एवढ्यावर डॉक्टरला अंदाजच बांधावा लागतो. आणि या दोन शीटमधल्या चौथ्या, सातव्या, दहाव्या विभागांचा मराठी मजकूर कॅन ठेवतात त्या भिंतीवर चिकटवणे हे काम सफाई कामगाराचे नसून रसायन खरेदी करणाऱ्याचे आहे.