पत्रलेखन : व्हिसा नाकारलेल्या मित्रास

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल पोहोचले. अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा नाकारला गेल्याचे वाचून मन खिन्न झाले. दोन वर्षांचे परिश्रम खिडकीपुढील दोन-तीन मिनिटांत अडून पडावेत, हे दुःख लहान नव्हे. ‘होते ते बऱ्यासाठी’ असे मी म्हणणार नाही.

परंतु हाती पडलेल्या कागदावरील कलम २१४(ब) चा अर्थ नीट पाहा. १९५२ च्या त्या कायद्यानुसार अर्जदार तेथेच स्थायिक होऊ इच्छितो, असे आधी गृहीत धरतात. ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणजे तुझ्या विद्वत्तेवर हा निकाल नव्हे.

या निर्णयावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो. मात्र शुल्क व मुलाखत नव्याने. काहीच न बदलता गेलास, तर बहुधा तेच उत्तर मिळेल. नेमके कारण तुला सांगितलेले नाही; पण तुझ्या पत्रावरून दोन जागा कच्च्या दिसतात. ‘शिक्षणानंतर काय?’ यावर तू ‘बघू’ म्हणालास, आणि आठवडाभर आधी खात्यात आलेल्या मोठ्या रकमेचा उगम तुला सांगता आला नाही. ही दोन्ही उत्तरे खरी व सुस्पष्ट होतील, तेव्हाच पुन्हा जा. पुढील अर्जात हा नकार लपवू नकोस.

प्रवेश पुढील सत्रापर्यंत राखून ठेवण्याविषयी विद्यापीठास आजच लिही. ते मानतीलच असे नाही.

ती. आई-वडिलांस सा. नमस्कार.

तुझा,
स्नेही