समजून घ्या : नोट्सचे फ्लॅशकार्ड होताना काय हरवते? फाईल दहा मिनिटांची, खरा अभ्यास ओळ तोडण्यात

खराडीतल्या आयटी पार्कमध्ये दिवसा नोकरी आणि रात्री एमपीएससीचा अभ्यास, असा दुहेरी दिनक्रम असणारे तरुण कमी नाहीत. पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या मुलांकडे जे असते ते यांच्याकडे नसते, ते म्हणजे सलग तास. हाताशी असतात ती नगर रस्त्यावरच्या कोंडीतली वीस मिनिटे, रामवाडी मेट्रो स्थानकावरची पाच मिनिटे आणि जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटे. अशा तुकड्यांत दोनशे पानांची वही उघडता येत नाही, पण मोबाइलवर फ्लॅशकार्ड उलटता येते. म्हणून अँकीसारखी उजळणीची ॲप या वर्गात वापरली जातात. कार्ड आठवले की ते लांबच्या तारखेला परत येते आणि विसरले की लवकर येते, एवढेच त्यांचे तत्त्व.

एकेक कार्ड ॲपमध्ये टाइप करणे कंटाळवाणे असते. त्यापेक्षा दोन रकान्यांची सीएसव्ही फाईल करून एकदम चढवणे सोपे. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर आणि एका ओळीचे एक कार्ड. पण बहुतेक जण सगळी काळजी फाईलची घेतात आणि नोट्स मात्र जशाच्या तशा चिकटवतात. माझे मत उलट आहे. फाईलचे नियम मोजके आहेत आणि ते एकदा कळले की संपतात. नोट्समधली ओळ तोडून तिचा प्रश्न करणे हाच अभ्यास आहे, आणि तो दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

एका परिच्छेदाची पाच कार्डे

पंचायत राज हा पूर्वपरीक्षेतला नेहमीचा घटक. वहीत साधारण असा परिच्छेद असतो : महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये वसंतराव नाईक समिती नेमली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला, त्यावर आधारित महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने मुख्य कारभार पंचायत समितीकडे असावा असे सुचवले होते, नाईक समितीने जिल्हा परिषदेला प्राधान्य दिले.

आळशी कार्ड असे होते : पुढे ‘वसंतराव नाईक समिती’, मागे हा पूर्ण परिच्छेद. कार्ड उलटल्यावर ‘हो, हे माहीत आहे’ असे वाटते. वाचून ओळखीचे वाटणे आणि न वाचता आठवणे यातला फरक इथेच लपतो. अहवालाचे वर्ष आठवले पण कायदा लागू झाल्याची तारीख आठवली नाही, तर कार्डाला ‘आले’ म्हणायचे की ‘चुकले’? ॲपला मधले उत्तर चालत नाही. मग आपण स्वतःला सूट देतो आणि ते कार्ड महिनाभर लांब जाते.

तोच परिच्छेद तोडला की फाईल अशी दिसते :

```
"महाराष्ट्रात पंचायत राजसाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कोण?","वसंतराव नाईक"
"वसंतराव नाईक समितीचा अहवाल कोणत्या वर्षी आला?","१९६१"
"नाईक समितीच्या शिफारशींवर आधारित कायदा कोणता?","महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१"
"जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार राज्यात त्रिस्तरीय व्यवस्था कधी सुरू झाली?","१ मे १९६२"
"मेहता समितीने पंचायत समितीला प्राधान्य दिले, नाईक समितीने कोणत्या स्तराला?","जिल्हा परिषद"
```

दोन गोष्टी पाहा. चौथ्या ओळीत ‘हा कायदा कधी लागू झाला?’ असे लिहिले नाही. वहीत ‘हा’ म्हणजे कोणता ते वरच्या ओळीवरून कळते, पण ॲपमध्ये कार्ड एकटे समोर येते आणि त्याच्या आधी कदाचित भूगोलाचा प्रश्न येऊन गेलेला असतो. म्हणून ‘वरील’, ‘सदर’, ‘ही समिती’ हे शब्द पहिल्या रकान्यात आले की ती ओळ अपुरी समजावी.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचे कार्ड. ते माहितीपेक्षा गोंधळाचे कार्ड आहे. १९६१ आणि १९६२, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, या जोड्यांवरच परीक्षेतले पर्याय बेतलेले असतात. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, त्यामुळे ‘दोघांपैकी एक असेल’ हे अर्धवट ज्ञान महागात पडते. आपण कोणत्या दोन गोष्टींत गोंधळतो हे आपल्यालाच माहीत असते. तयार मिळालेल्या हजार कार्डांच्या फाईलमध्ये दुसऱ्या कोणाचा गोंधळ असतो.

फाईल कुठे मोडते?

सर्वांत घातक चूक दिसत नाही, ती स्वल्पविरामाची. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे रकाना संपला. वर तिसऱ्या ओळीच्या उत्तरात ‘अधिनियम’नंतर स्वल्पविराम आहे. अवतरणचिन्हे नसती तर ‘१९६१’ हा तुकडा तिसऱ्या रकान्यात गेला असता आणि कार्डावर वर्षाविना उत्तर आले असते. ‘जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत’ अशा उत्तरात तर फक्त जिल्हा परिषद उरते. कार्ड नीटनेटके दिसते आणि आपण अर्धे उत्तर पाठ करत राहतो. गुगल शीट्समध्ये दोन रकाने भरून `File > Download > Comma Separated Values (.csv)` निवडले, तर गरज असेल तिथे अवतरणचिन्हे आपोआप लागतात. नोटपॅडमध्ये हाताने लिहिणाऱ्यांनी मात्र प्रत्येक रकाना सरळ दुहेरी अवतरणात ठेवावा. मोबाइलचे वळणदार अवतरणचिन्ह इथे चालत नाही.

दुसरी चूक देवनागरीची. एक्सेलमध्ये साधा सीएसव्ही प्रकार निवडून फाईल जतन केली की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. तिथे `CSV UTF-8 (Comma delimited)` हाच प्रकार निवडायला हवा. इथे दोन वेगळी लक्षणे ओळखता आली पाहिजेत. फाईल उघडल्यावर `à¤ªà¤‚` असे काही दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त एक्सेलने तो चुकीच्या पद्धतीने वाचला आहे. ती फाईल जतन न करता बंद करावी आणि गुगल शीट्समध्ये उघडावी. पण `?????` असे दिसत असेल आणि फाईल तशीच जतन झाली असेल, तर अक्षरे गेली. मूळ नोट्सकडे परत जाण्याला पर्याय नाही.

तिसरी अडचण खास मराठीची. क्लासच्या जुन्या पीडीएफ नोट्स अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण मजकूर उचलून चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी येते. यूटीएफ-८ निवडून ती सुधारत नाही, कारण आत मुळातच युनिकोड मराठी नसते. मजकूर रूपांतरित करावा लागतो किंवा टाइप करावा लागतो. हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या क्लासनी २०२० नंतरच्या दशकात तरी नोट्स युनिकोडमध्ये द्याव्यात, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चौथी चूक आकड्यांची. गुणांचा अपूर्णांक `1/4` असा लिहिला की एक्सेल किंवा शीट्स त्याची तारीख करून टाकतात. उपाय सोपा आहे : मजकूर भरण्याआधी दोन्ही रकाने निवडून त्यांचे स्वरूप ‘साधा मजकूर’ असे करावे. भरल्यावर केले तर उशीर झालेला असतो.

चढवताना आणि नंतर

संगणकावरच्या अँकीत `File > Import` मधून फाईल निवडली की आधी झलक दिसते. पहिला रकाना `Front` ला आणि दुसरा `Back` ला जोडला आहे ना, हे तिथेच पाहावे. शीटच्या पहिल्या ओळीत ‘प्रश्न, उत्तर’ असे शीर्षक असेल तर ते काढून टाकावे, नाहीतर त्याचेही एक कार्ड बनते. आधी दहा ओळींची फाईल चढवून पाहावी, मग तीनशेची.

ॲप नोंद ओळखते ती पहिल्या रकान्यावरून. याचा फायदा असा की उत्तरात चूक सापडली तर शीटमध्ये दुसरा रकाना दुरुस्त करून तीच फाईल पुन्हा चढवायची. `Existing notes` समोर `Update` असेल तर उत्तर बदलते आणि उजळणीच्या तारखा तशाच राहतात. तोटा असा की ‘स्थापना कधी झाली?’ असा एकसारखा प्रश्न दोन संस्थांसाठी लिहिला, तर त्या दोन ओळी ॲपच्या लेखी एकच ठरतात. चढवून झाल्यावर ओळी आणि कार्डे यांची संख्या जुळवून पाहिली की हे लगेच पकडता येते.

संख्येचे भानही हवे. अँकीत रोज वीस नवी कार्डे ही मूळ मर्यादा असते, म्हणजे तीनशे ओळींची फाईल समोर यायलाच पंधरा दिवस लागतात, आणि आधीची कार्डे रोज परत येतच असतात. परीक्षेच्या आठवड्यात हजार कार्डे चढवणे म्हणजे उजळणी नव्हे, ओझे. नोकरी करणाऱ्याने रोज एका पानाच्या आठ-दहा ओळी तोडल्या तरी पुरे.

शेवटी मर्यादा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. नाईक समितीने जिल्हा परिषदेला प्राधान्य का दिले आणि त्याचे परिणाम काय झाले, हे दोन रकान्यांत मावत नाही. त्यासाठी कागदावर उत्तर लिहूनच पाहावे लागते. फ्लॅशकार्डाचे काम एवढेच की ते उत्तर लिहिताना १९६१ की १९६२ यावर पेन अडू नये. तेवढ्यासाठी फाईलवर दहा मिनिटे आणि प्रश्नावर तासभर द्यावा. हे प्रमाण उलटे झाले तर मोबाइलमध्ये कार्डे साठतात, डोक्यात नाही.