विश्लेषण : मायक्रोड्रामाचा भाग ऐन मोक्याच्या क्षणीच का संपतो?

मोबाइल उभा धरून पाहायच्या, दीड-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका म्हणजे मायक्रोड्रामा. चीनमध्ये फोफावलेला हा प्रकार ‘रीलशॉर्ट’सारख्या ॲपमुळे अमेरिकेत पोहोचला आणि भारतात ‘कुकू टीव्ही’सारख्या ॲपवर रुजला. रील्सवर अशा कथा फुकट सांगणारेही अनेक आहेत. या सगळ्यांची भिस्त भागाच्या शेवटच्या काही सेकंदांवर असते.

शेवटाला एवढे महत्त्व का?

टीव्ही मालिकेला प्रेक्षक उद्या परत यायला हवा असतो. इथे तो पुढच्या क्षणी हवा असतो, कारण अंगठा सरकवला की दुसराच व्हिडीओ सुरू होतो. अनेक ॲपवर सुरुवातीचे काही भाग मोफत असतात आणि नंतर पैसे किंवा ‘कॉइन्स’ मोजावे लागतात. त्यामुळे सर्वांत जोरदार वळण अखेरच्या मोफत भागाच्या शेवटी ठेवले जाते.

भाग नेमका कुठे तोडायचा?

एक काल्पनिक कथा घेऊ. सायली मंगल कार्यालयात कामाला आहे. नवरा दोन वर्षांपासून दुबईत आहे, असे घरचे सांगतात. एका लग्नात तिला हारांचे तबक घेऊन व्यासपीठावर पाठवतात. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि समोर नवरदेव म्हणून तिचाच नवरा उभा असतो.

पहिला पर्याय : सायली दचकते, पण तिने काय पाहिले ते न दाखवताच भाग संपवायचा. हा शेवट कच्चा ठरतो. काय पणाला लागले आहे हेच कळले नाही, तर प्रेक्षकाला फक्त कुतूहल वाटते, काळजी वाटत नाही.

दुसरा पर्याय : नवरा दिसतो, सायली किंचाळते, तबक पडते, गोंधळ उडतो आणि मग भाग संपतो. इथे साठलेला ताण त्याच भागात वाहून जातो.

तिसरा पर्याय : नवरा दिसतो, दोघांची नजरानजर होते आणि त्याच क्षणी नवरीची आई म्हणते, “अगं ताई, हार दे ना पुढे.” इथे तोडायचे. माहिती पूर्ण मिळाली आहे, प्रतिक्रिया मात्र अजून आलेली नाही. शिवाय आता प्रश्न ‘काय झाले?’ एवढाच राहत नाही, तर ‘सायली काय करणार?’ असा होतो. निर्णय पात्राच्या हातात असला की प्रेक्षक त्यात गुंततो.

दुसऱ्या भागाची सुरुवात कशी हवी?

लांबलचक ‘आतापर्यंत आपण पाहिले’ नको. तोच हात, तेच तबक आणि पहिल्या काही सेकंदांत उत्तर. सायली मुकाट्याने हार पुढे करते. का? कारण वरपक्षाच्या पहिल्या रांगेत तिला स्वतःची सासू बसलेली दिसते. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण त्यातूनच मोठा प्रश्न उभा राहिला : घरातल्या कोणाकोणाला हे माहीत होते?

याउलट, नवरदेव म्हणजे नुसता सारख्या चेहऱ्याचा माणूस निघाला किंवा ते स्वप्न ठरले, तर ती फसवणूक होते. असे एकदा खपते. दुसऱ्यांदा शेवट कितीही ताणला तरी प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवत नाही.

उभ्या पडद्यामुळे काय बदलते?

पडद्याच्या खालच्या भागावर नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणे असतात. त्यामुळे शेवटचा दुवा, म्हणजे चेहरा, फोटो किंवा मेसेज, मध्यभागी किंवा थोडा वर हवा. रील संपताच पुन्हा सुरू होते, म्हणून तो दुवा डोळ्यांत भरेल इतका वेळ पडद्यावर टिकायला हवा. नाहीतर प्रेक्षकाला शेवट झाल्याचेच कळत नाही.

चूक कुठे झाली, हे कसे ओळखायचे?

प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून गेले, याचा आलेख निर्मात्यांना पाहता येतो. पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत बरेच जण टिकले, पण दुसरा भाग कमी जणांनी पाहिला, तर शेवट कच्चा असतो किंवा पुढचा भाग सापडत नसतो. कॉमेंटमध्ये ‘भाग २ कुठे आहे?’ असे विचारले जात असेल, तर दोष कथेचा नाही, मांडणीचा आहे. दुसरा भाग सुरू होताच लोक निघून जात असतील, तर उत्तर उशिरा येते आहे.

फुकट रील्सवर आणखी एक अडचण असते. अल्गोरिदम अनोळखी प्रेक्षकाला थेट तिसरा भागही दाखवतो. त्यामुळे ‘ही बायको, हा नवरा, आणि हे त्याचे दुसरे लग्न’ एवढे प्रत्येक भागातल्या एखाद्या संवादातून कळायलाच हवे. ते कळले नाही, तर शेवटचा धक्का त्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नाही.